बर्नीने गाळलेला पर्याय

बर्नडीन कोशियाकला राग आला की ती लोणच्याची बरणी उघडते. आमच्या इस्पितळाच्या तळघरात, रेकॉर्ड विभागात, तिच्या टेबलाच्या खालच्या खणात काकडीच्या लोणच्याची बरणी कायम असते. झाकण फिरल्याचा आवाज आला की आम्ही बाकीचे चौघे मान खाली घालून कामाला लागतो. वरच्या मजल्यांवर लोक बरे होतात किंवा होत नाहीत. आम्ही त्यांच्या कागदांना आकडे लावतो. कोणता आजार, कोणतं ऑपरेशन, काय बिघडलं, प्रत्येकाचा एक कोड. डॉक्टरने जे लिहिलं नाही ते आम्ही मनाने लावू शकत नाही. लिहिलेलं अर्धवट असेल तर त्यालाच विचारायचं. त्या विचारण्याला आम्ही क्वेरी म्हणतो.

बर्नी या धंद्यात आली ती डॉक्टर ऑग्डेनमुळे. आधी ती शाळेच्या स्वयंपाकघरात होती. नवरा कॅझ ट्रक चालवायचा. त्याचं हर्नियाचं ऑपरेशन ऑग्डेनने केलं, आतड्याला इजा झाली, पोट पुन्हा उघडावं लागलं, आणि त्यानंतर कॅझला तासभरसुद्धा सलग बसवेना. ट्रक गेला. घरी आलेल्या डिस्चार्ज समरीवर ऑग्डेनने लिहिलं होतं, ‘ऑपरेशन निर्विघ्न पार पडलं.’ बर्नीने ते वाक्य कुणाकुणाला दाखवलं. शेवटी एका वकिलाने तिला समजावलं की त्या वेळी कुणी डॉक्टरला नीट विचारलंच नाही, आणि आता फार उशीर झाला. मग ते विचारणारे लोक कोण असतात, हे तिने शोधून काढलं. चाळिशीत संध्याकाळच्या वर्गाला बसली, परीक्षा दिली आणि ऑग्डेनच्याच इस्पितळात नोकरी धरली.

‘‘माणसं देवाला शोधत देवळात जातात,’’ मी तिला एकदा म्हणालो, ‘‘तू डॉक्टरला शोधत तळघरात आलीस.’’

‘‘देवाने माझ्या नवऱ्याचं आतडं फाडलं नव्हतं, शहाण्या,’’ ती म्हणाली आणि मला लोणचं दिलं. माझ्यावर माया आहे तिची.

फाइली आमच्याकडे संगणक वाटतो, आपल्याला निवडता येत नाहीत. ऑग्डेनच्या फाइली तिच्याकडे यायच्या, पण सगळ्या सरळ. पित्ताशय काढलं, रोगी घरी गेला. ती प्रत्येक फाइल अशी वाचायची जशी सासू नव्या सुनेच्या हातची भाजी चाखते.

मार्चमध्ये हवी ती फाइल आली. एका बाईंच्या पोटात जुन्या ऑपरेशनांमुळे आतडी एकमेकांना चिकटली होती. ऑपरेशनच्या टिपणात ऑग्डेनने लिहिलं होतं की चिकटलेलं आतडं सोडवताना त्याला चीर पडली, ती तिथेच शिवली. पुढे बाईंना ताप आला, मुक्काम वाढला. आणि डिस्चार्ज समरीत तेच वाक्य: निर्विघ्न पार पडलं.

झाकण फिरल्याचा आवाज आला.

इथे क्वेरी पाठवणं भागच होतं. ती चीर म्हणजे ऑपरेशनमधली गुंतागुंत, की इतकं चिकटलेलं आतडं सोडवायचं तर टाळता न येणारी गोष्ट? पहिलं उत्तर आलं तर तसा कोड लागतो आणि तो सर्जनच्या नावापुढे मोजला जातो. दुसरं आलं तर लागत नाही. हे ठरवायचं डॉक्टरने. आम्ही फक्त टिपणातल्या नोंदी मांडायच्या आणि शक्य ते सगळे पर्याय द्यायचे, शिवाय ‘इतर’ आणि ‘सांगता येत नाही’. उत्तर त्याच्या तोंडात घालायचं नाही. हा नियम नव्या पोरांना शिकवते कोण? बर्नी. मलाही तिनेच शिकवला, टेबलावर बोट आपटून.

त्या दिवशी तिने तयार नमुना उघडला आणि ‘टाळता न येणारी’ हा पर्याय पुसून टाकला. उरलं काय? गुंतागुंत, इतर, सांगता येत नाही. वर मथळाही दिला, ‘ऑपरेशनमधील गुंतागुंतीबाबत’. पाठवून दिली, आणि दुपारभर शीळ घालत होती.

दुसऱ्या दिवशी उत्तर आलं. ऑग्डेनने ‘गुंतागुंत’ वर खूण करून सही केली होती. बर्नीने कोड लावला. संध्याकाळी तिने आम्हा सगळ्यांना घरी बोलावलं, कॅझने उशीला टेकून पिएरोगी, म्हणजे बटाट्याचं सारण भरलेल्या उकडलेल्या करंज्या, खाल्ल्या, आणि बर्नीने प्रत्येकाच्या ताटात साय इतकी वाढली की जणू कुणाचं लग्न ठरलंय. कॅझ तेवढा माझ्याकडे सरकला. त्याने मला हळूच विचारलं, ‘‘त्या माणसाला कळलंय का, हे कशाबद्दल आहे ते?’’ मी म्हणालो, नाही. ‘‘मग मजा काय त्यात,’’ तो म्हणाला.

दर सोमवारी आमची मुख्य, ओडेट, काही क्वेऱ्या तपासायला घेते. तिने ही उघडली. बर्नीला आत बोलावलं, दार लावलं. तळघरातली दारं काही कामाची नसतात. ओडेटने विचारलं की टिपणात ‘चिकटलेलं’ असं स्पष्ट लिहिलेलं असताना तो पर्याय गेला कुठे. निर्णय झाला: उत्तर तोंडात घालणारी क्वेरी, म्हणून तिच्यावर आलेलं उत्तर धरायचं नाही. कोड काढायचा, बिल थांबवायचं, दुसऱ्याने नवी क्वेरी पाठवायची. पुढे बर्नीची प्रत्येक क्वेरी पाठवण्याआधी दुसरा तपासणार.

दुसरा म्हणजे मी.

मी चारही पर्याय घालून, साधा मथळा देऊन क्वेरी पाठवली. तासाभरात माझा फोन वाजला. ऑग्डेन. हात गुंतले होते म्हणून मी स्पीकर लावला, आणि मग लक्षात आलं की बर्नी शेजारीच बसली आहे. आता बंद केला असता तर आणखी वाईट दिसलं असतं.

‘‘हे मी आधी भरलं होतं ना?’’ तो म्हणाला. आवाज अगदी साधा, थकलेला. मी सांगितलं की आधीच्या क्वेरीत आमच्याकडून चूक झाली, कृपया नव्याने उत्तर द्या.

‘‘तुम्हाला काय हवंय ते सांग ना, खूण करून टाकतो.’’

फोनवरही नियम तोच. मी बर्नीकडे बघितलं. तिने मूठ तोंडावर दाबली होती. एक शब्द पुरला असता.

‘‘तुमचं वैद्यकीय मत जे असेल ते, डॉक्टर.’’

‘‘मागच्या वेळी मला वाटलं, विचारतायत म्हणजे गुंतागुंतच मोजली पाहिजे. खरं सांगू, जरा घाईच केली होती मी त्या आतड्याशी. म्हणून खूण केली.’’ कळफलकाचा आवाज आला. ‘‘आता हा पर्याय आहे म्हणता. चिकटलेलं तर होतंच. हाच बरोबर. झालं?’’

झालं, मी म्हणालो. तो ‘घाई’वाला शब्द कुठल्याच कागदावर आला नाही. त्याने सही केली होती ती ‘टाळता न येणारी’ या ओळीवर.

फोन ठेवल्यावर मला वाटलं, आता बरणी उघडेल. नाही उघडली. बर्नीने माझ्या पडद्यावर आलेलं उत्तर वाचलं.

‘‘माझ्या हाताने सुटला,’’ ती म्हणाली. ‘‘मी तो पर्याय ठेवला असता आणि तरी त्याने गुंतागुंतीवर खूण केली असती, तर त्याला कुणाचा बाप सोडवू शकला नसता.’’

‘‘केली असती का पण?’’

‘‘तेच आता मला कधी कळणार नाही.’’

मी म्हणालो, आता पुरे, कॅझलाही पुरे झालंय. ती माझ्याकडे वळली. ‘‘कॅझचं पोट आहे, बाळा. भांडण माझं आहे.’’

मे महिन्यात ऑग्डेनची आणखी एक फाइल तिच्याकडे आली. ऑपरेशननंतरचा रक्तस्राव, समरीत त्याचा उल्लेख नाही. बर्नीने सकाळभर क्वेरी लिहिली आणि नियमाप्रमाणे माझ्याकडे तपासायला पाठवली. सगळ्या नोंदी तारखेसकट, सगळे पर्याय, मथळ्यात एक शब्द जास्त नाही. त्याला निसटायला जितक्या वाटा होत्या तितक्या तिने स्वतःच उघड्या करून ठेवल्या होत्या. मी दोनदा वाचली. मग तिच्याकडे बघितलं, तर ती हसत होती, आणि ते हसणं मला काही आवडलं नाही.

‘‘पाठव,’’ ती म्हणाली. ‘‘यावेळी जे लिहील ते त्याचं स्वतःचं असेल.’’