फडकंबाईंची पक्की भिंत

फडकंबाईंना किळस यायला फार काही लागायचं नाही. ओट्यावर पडलेला केस, कपाच्या कडेला सुकलेला चहाचा ओघळ, कुणी शिंकून तसाच पिठात घातलेला हात, एवढं पुरे. लगेच त्यांचं नाक मुरडायचं आणि तोंडातून "शी!" बाहेर पडायचं. खांद्यावर कायम ओलं फडकं, म्हणून बेकरीतले सगळे त्यांना फडकंबाई म्हणायचे. तेवीस वर्षं आल्याच्या बिस्किटाची घरं त्याच बांधत होत्या. बाईंच्या हातचं म्हणजे स्वच्छ, ही गावभर ख्याती. बाकी मिरवावं असं त्यांच्याकडे काही नव्हतं, त्यामुळे एवढं एक त्या जिवापाड जपत.

त्या दिवशी एका शाळेच्या वर्गासाठी घर हवं होतं. चाळीस मुलं ते फोडून खाणार होती. भिंती आदल्या दिवशीच भाजून, गरम असतानाच कडा सरळ कापून ठेवल्या होत्या. खिडक्या, वेली, दाराची चौकट, सगळं नक्षीकाम बाईंनी भिंती आडव्या असतानाच उरकलं होतं. उभ्या भिंतीवर नक्षी काढायला गेलं की ओघळते, हे बाई प्रत्येक नव्या माणसाला पहिल्याच दिवशी दटावून सांगत.

आता राहिलं होतं जोडकाम. पण भिंती चिकटवायचं साखरेचं आयसिंग मालकांच्या जावयाने फेटलं होतं. बाईंनी दोन भिंती जोडल्या, तर दोन्ही हळूहळू पाय पसरून बसायला लागल्या.

"जावईबापू, भांडं धुतलं होतं का?"

"पुसलं होतं की! मघाशी लोणी होतं फक्त त्यात."

"शी! अहो, तुपकट भांड्यात अंड्याचा पांढरा बलक फुगतो कुठे? हे गोंद नाही, खीर झालीय."

"जरा साखर वाढवा की," म्हणत जावईबापूंनी त्यात बोट बुडवलं, चाटलं आणि तेच बोट पुन्हा बुडवायला निघाले. अख्खं भांडं बाईंनी त्यांच्या डोळ्यांदेखत मोरीत ओतलं. "मुलांच्या पोटात तुमची थुंकी घालू का मी?" असं म्हणाल्याही. जावईबापू तोंड पाडून दुकानात गेले. बाईंना त्यांच्या पाठीकडे बघूनसुद्धा किळस आली.

मग भांडं उकळत्या पाण्याने धुऊन, कोरडं करून त्यांनी नवं आयसिंग फेटलं. चमचा उलटा धरला तरी टोक वाकेना, तेव्हा ते नळी लावलेल्या कागदी कोनात भरलं. कडेला जाड रेघ ओढायची, भिंत टेकवायची, आतून डबा लावून आधार द्यायचा. तीन भिंती उभ्या राहिल्या. चौथी टेकवली आणि तिच्या बाजूचा डबा सरकला. बाईंनी डाव्या हाताने कोपरा आवळून धरला. सांध्यात फट राहिली होती, ती तिथल्या तिथे भरायला हवी होती. उजव्या हातातला कोन दाबला, तर नळीच्या तोंडाशी आयसिंग सुकून खडा बसलेला. फडकं खांद्यावरून घसरून केव्हाच खाली पडलं होतं.

बाईंनी नळी तोंडात घातली, दातांनी खडा काढला, टोक जिभेने साफ केलं आणि फट भरली.

"आई, त्यांनी ते चाटलं!"

काचेपलीकडे दुकानात एक मुलगी उभी होती. घर बघायला तिची आई तिला घेऊन आली होती. आईचं लक्ष पावांकडे होतं. "काहीतरीच काय," ती म्हणाली, "या बाई किती स्वच्छ आहेत ते सगळ्या गावाला माहीत आहे."

मुलीने मात्र नाक मुरडलं. अगदी बाईंसारखंच.

बाईंनी हातातल्या नळीकडे पाहिलं. हे आज पहिल्यांदा झालं नव्हतं. नळी अडली की ती तोंडात जायची. तेवीस वर्षं जात होती आणि त्यांना कधी ते दिसलंच नव्हतं. किती घरं, किती मुलं! जिभेवरची साखर एकाएकी ओकारी यावी इतकी गोड लागायला लागली. जावयाचं निदान बोट होतं. त्यांना स्वतःची शिसारी आली.

कोणी काही म्हणणार नव्हतं. मुलीचं कोण ऐकतंय? संध्याकाळपर्यंत भिंती वाळतील, छप्पर चढेल, नाव राहील.

बाईंनी डोळे मिटून हात काढून घेतला. पडेल आपोआप, आपल्याला बोलायला लागणार नाही, असं मनात आलं.

भिंत ढिम्म हलली नाही. चारही सांधे पक्के बसले होते. टिचकी मारली तरी घर जागचं हललं नाही.

मग त्यांनी लाटणं उचललं. पहिल्या दणक्याला खिडकी गेली, दुसऱ्याला दार. आवाजाने जावईबापू धावत आले, ती आईही काचेला नाक लावून बघायला लागली.

"अहो बाई, काय करताय? चांगलं उभं राहिलं होतं की!"

"उद्या दुसरं देते," बाई काचेपलीकडे ऐकू जाईल इतक्या मोठ्याने म्हणाल्या, "यात माझी थुंकी आहे."