यष्टींना खेटून

क्लबातल्या मुलींनी तिचं नाव पापणी ठेवलं होतं, आणि ते अगदी शोभणारं होतं. फिरकी गोलंदाजी सुरू झाली की ती यष्टींना खेटून बसायची. समोर बॅट सपकन फिरली तरी तिची पापणी लवायची नाही. दिवसभर ती चष्म्याच्या दुकानात काचा घासून फ्रेममध्ये बसवायची. नवरा गंमतीने म्हणायचा, "लोकांना दिसावं म्हणून ही दिवसभर राबते, आणि स्वतः बघते फक्त चेंडू."

वय चौतीस, पदरात चार वर्षांची मुलगी. बाळंतपणानंतर क्रिकेट सुटलंच, असं तिने गृहीत धरलं होतं. पण सासूबाई एक दिवस सरळ म्हणाल्या, "शनिवार-रविवार पोरीला मी बघते. तू घरात बसून आमच्याकडे तोंड पाडून बघतेस, ते काही मला बघवत नाही." म्हणून ती पुन्हा मैदानात उतरली होती.

त्या हंगामात पहिल्या आठ सामन्यांत यष्टिरक्षण तिनेच केलं. आठव्या सामन्यात चेंडू करंगळीवर बसला आणि हाड मोडलं. पुढचे सात सामने ग्लोव्हज धाकटीच्या हातात गेले. धाकटी म्हणजे संघातली सगळ्यात लहान मुलगी, कॉलेजच्या शेवटच्या वर्षाला, फलंदाजीत भलतीच तयार. पापणीची करंगळी बरी झाली तेव्हा उपांत्य सामना आठवड्यावर आला होता.

सराव संपल्यावर सरांनी तिला कपडे बदलायच्या खोलीबाहेरच्या बाकावर बसवलं. सर स्वतः एके काळचे वेगवान गोलंदाज. बोलणं तोडून टाकल्यासारखं, पण मनात खोट नाही.

"तू आठ झेल घेतलेस आणि सात स्टंपिंग. धाकटीचे झेल अकरा, स्टंपिंग एकच. इथवर तुझं पारडं हलकं नाही," ते म्हणाले. "पण बाय बघ. तुझ्या आठ सामन्यांत एकतीस. तिच्या सात सामन्यांत नऊ. बॅटला नाही, अंगाला नाही, चेंडू सरळ तुला चकवून गेला आणि त्यांनी फुकट धावा काढल्या. एक सामना आपण तीन धावांनी हरलोय, लक्षात आहे ना?"

"आहे सर."

"शिवाय ती फलंदाजी करते. तिला ठेवलं की आम्हाला आणखी एक फलंदाज खेळवता येतो. तुला वाईट वाटेल, पण..."

"नाही सर. आकडे आहेत ते आहेत," ती म्हणाली आणि पॅड काढायला वाकली.

खरं तर तिला त्यात वावगं काही वाटलंच नाही. एकतीस म्हणजे एकतीस. शिवाय दोन स्टंपिंग आणि फिरकी टाकणाऱ्या कॅप्टनच्या चेंडूवरचा एक झेल आपल्या हातून निसटलाय, हे तिला ठाऊक होतं. सुटलेल्या संधी गुणफलकात कुठेच येत नाहीत, म्हणून सरांना ते सांगता आलं नव्हतं इतकंच. घरी येऊन ती मुकाट्याने भांडी घासू लागली. नवऱ्याने विचारलं, तर म्हणाली, "वय झालं रे माझं." तो फडकं घेऊन आला. तिच्या शेजारी उभा राहून भांडी पुसू लागला.

दुसऱ्या दिवशी दुपारी दुकानात गिऱ्हाईक नव्हतं. ती एका काचेची कड घासत बसली होती, तेवढ्यात धाकटी आत आली. चष्मा करायला आली असावी, असंच पापणीला वाटलं.

"ताई, सरांनी मला सांगितलं," धाकटी म्हणाली. "मी खेळणार आहे म्हणून."

"बरं झालं. चांगली खेळ."

"बरं नाही झालं." धाकटी काउंटरवर दोन्ही कोपर टेकून उभी राहिली. "ताई, कॅप्टनच्या गोलंदाजीला मी दोन पावलं मागे उभी राहते. पहिल्याच सामन्यात तिचा एक चेंडू उसळून माझ्या हनुवटीवर आला, तेव्हापासून पुढे बसायची छातीच होत नाही. मागे उभी राहिले की चेंडू आरामात हातात येतो. म्हणून माझे बाय कमी. पण फलंदाजांना कळतं ना, मागे कुणी नाही. त्या बिनधास्त पुढे येऊन मारतात. मग कॅप्टन आखूड आपटून टाकते, चेंडू वळवतच नाही. शेवटी शेवटी तर तिने गोलंदाजीच कमी केली."

"ती काही म्हणाली का तुला?"

"ती काय म्हणणार? ती माझं मन मोडेल का? पण मला कळतंय. उपांत्य सामन्याची खेळपट्टी म्हणजे नुसती भुकटी आहे. तिथे मी कीपिंग केलं तर आपण हरू." ती जरा थांबली. "कीपिंग ताईच करतील, असं मी सरांना सांगून आलेय. तुम्हाला आधी विचारायला हवं होतं, पण तुम्ही नको म्हणाला असता."

पापणीच्या हातातली काच तशीच राहिली. संघातली हातची जागा कुणी असं सोडून येतं, हे तिने आजवर पाहिलं नव्हतं. डोळे भरून आले, तर ती नेहमीच्या सवयीने म्हणाली, "काचेची भुकटी उडते बघ इथे." धाकटी हसली, पण तिचेही डोळे काही कोरडे नव्हते.

सरांचं एक बरं होतं: चुकलं असं वाटलं की ते तपासून बघत. संघातल्या एका गोलंदाजाचा नवरा सगळे सामने मोबाइल ट्रायपॉडवर लावून चित्रित करायचा. त्या संध्याकाळी सर, कॅप्टन, धाकटी आणि पापणी क्लबच्या खोलीत बसून ते बघत होते.

"बाय सगळे एकाच टोपलीत टाकले, तिथेच माझं चुकलं," सर म्हणाले. "वेगवान गोलंदाजीवरचे बाय वेगळे काढायचे. तिथे दोघी मागेच उभ्या असतात. फिरकीवरचे वेगळे काढायचे आणि किती षटकं फिरकी पडली ते बघायचं."

वेगवान गोलंदाजीवर दोघींचं सारखंच निघालं. पापणीच्या एकतीसपैकी चोवीस बाय कॅप्टनच्या लेगस्पिनवर होते. पण पापणी असताना कॅप्टनने चौसष्ट षटकं टाकली होती आणि षटकाला तीनच्या जरा वर धावा दिल्या होत्या. धाकटी असताना अठ्ठावीस षटकं, आणि धावा षटकाला सव्वापाच.

"थांबा," सर म्हणाले. "बाय गोलंदाजाच्या नावावर चढत नाहीत. हिचे चोवीस त्यात मिळवू, नाहीतर लबाडी होईल." मिळवले. तरी षटकाला धावा चारच्या आतच राहिल्या. धाकटीच्या बाजूला दोनच बाय मिळवायचे होते, त्याने काही फरक पडला नाही.

मग त्यांनी कॅप्टनचे चेंडू एकेक करून बघितले. पापणी मागे बसलेली असली की फलंदाज क्रीजमध्ये खिळून राहायच्या. पाऊल बाहेर पडलं, चेंडू हुकला, की बेल्स उडालेल्याच असत. हंगामाच्या पहिल्या दोन सामन्यांत पापणीने चार जणींना असं टिपलं होतं, मग पुढच्यांनी बाहेर यायचं सोडूनच दिलं. धाकटी मागे उभी असली की फलंदाज उड्या मारत पुढे यायच्या.

"म्हणजे स्टंपिंग कमी झाली, ती भीती वाढली म्हणून," कॅप्टन म्हणाली. "ते कुठल्या रकान्यात लिहायचं?"

"कुठल्याच नाही," सर म्हणाले. "आणि हे सगळं तंतोतंत धरू नका. समोरचे संघ वेगळे, खेळपट्ट्या वेगळ्या. पण दिशा स्पष्ट आहे."

तेव्हा पापणी हळूच म्हणाली, "सर, सुटलेलेही धरा मग. माझ्याकडून दोन स्टंपिंग आणि एक झेल गेलाय."

सरांनी कागदावर तीन रेघा ओढल्या. "धरले. तरी तूच," ते म्हणाले. "धाकटी फलंदाज म्हणून खेळेल. बाहेर कुणाला ठेवायचं, ती माझी डोकेदुखी."

उपांत्य सामन्यात धाकटीनेच सगळ्यांत जास्त धावा केल्या. एकशे सत्तर झाल्या, तशा बेताच्याच. समोरच्या संघाची सलामीची फलंदाज उंच, पुढे सरसावून मारण्यात पटाईत. गेल्या भेटीत तिने कॅप्टनला तीनदा मैदानाबाहेर धाडलं होतं. तेव्हा मागे धाकटी होती.

पापणी यष्टींना खेटून बसली. टप्पा पडेपर्यंत उठायचं नाही, चेंडूबरोबर वर यायचं, हात सैल ठेवायचे, एवढंच तिच्या मनात होतं. तिसऱ्याच षटकात कॅप्टनचा एक चेंडू खडबडीत जागेवर पडून असा उसळला, की बॅटलाही चकवून पापणीच्या खांद्यावरून सीमेपार गेला. चार बाय. तिने सवयीने सरांकडे बघितलं. सर टाळ्या वाजवत होते.

ती उंच फलंदाज दोनदा पुढे निघाली आणि दोन्ही वेळा पाऊल मागे घेतलं. मान वळवून तिने एकदा पापणीचे ग्लोव्हज पाहिले, यष्टींपासून वीतभर अंतरावर. पुढचा चेंडू सरळ आला. ती ना पुढे, ना मागे, अशी मधेच अडकली आणि चेंडू पॅडवर बसला. पायचीत. तिच्यामागून आलेल्या दोघी अशाच क्रीजमध्ये चाचपडत गेल्या, एक त्रिफळाचीत, दुसरी कव्हरला झेल देऊन. सामना पापणीच्या संघाने अकरा धावांनी जिंकला.

गुणफलकावर पापणीच्या नावापुढे एकही झेल नव्हता, एकही स्टंपिंग नव्हतं. बाय मात्र चार होते.

हात मिळवताना ती उंच फलंदाज पापणीपाशी थांबली. "तुझ्यामुळे गेले मी आज," ती म्हणाली. "कानाशी तुझा श्वास ऐकू येत होता. पाय बाहेर टाकायची हिंमतच झाली नाही."

एवढ्या वर्षांत मागे बसून केलेल्या कामाची पावती पापणीला समोरच्या संघाकडून मिळत होती. "छान खेळलीस," एवढंच ती म्हणाली.

अंतिम सामना त्या हरल्या, तेही सपशेल. पण त्याचं दुःख पापणीने फार दिवस उराशी धरलं नाही. पुढच्या मोसमात तिने आपणहून आठवड्यातून दोन संध्याकाळी धाकटीला घेऊन बसायला सुरुवात केली. आधी टेनिसचा चेंडू, हेल्मेट घालून. मग कॅप्टनचे सावकाश टाकलेले चेंडू. धाकटी पहिल्यांदा डोळे न मिटता उसळता चेंडू पकडून उठली, तेव्हा पापणीने तिला मिठी मारली.

"ताई, तुमची जागा जाईल हं," धाकटी म्हणाली.

"जाऊ दे गं. तू मला ती एकदा परत दिली होतीस. आता तू घेतलीस तर मला आनंदच आहे."

घरी गेल्यावर तिने सासूबाईंना सांगितलं, की आता एखाद-दुसऱ्या वर्षात शनिवार-रविवार पोरीला ती स्वतःच बघेल. सासूबाई म्हणाल्या, "घाई करू नकोस. आम्हा दोघींचं बरं जमतंय." मुलगी तेव्हा आजीच्या मांडीवर बसून आईचा ग्लोव्ह घालायचा प्रयत्न करत होती, आणि तो तिला कोपरापर्यंत येत होता.