सहावा घन

दारव्ह्याच्या कॉलेजात बबिता राठोड तासिकेवर गणित शिकवते. बोरी अरबजवळच्या तांड्यातून रोज जीपने येते. पुढच्या जूनमध्ये तिला तास मिळतील की नाही, हे विभागप्रमुख भगवानराव ठरवणार. आणि भगवानराव म्हणजे काय सांगावं! वीस वर्षं एकाच पिवळ्या पडलेल्या टिपणांवर शिकवणारा माणूस. यंदा त्यांना शोध लावायची हुक्की आली.

गणित प्रदर्शनासाठी त्यांनी पुठ्ठ्याची सहा समभुज त्रिकोणांची आकृती चिकटवली. तीन त्रिकोण जुळून एक टोक वर, तसंच तीन जुळून एक खाली. वर पाटी: ‘सहावा सुसम घन’.

“सर, सगळ्या बाजू आणि सगळे कोपरे सारखे असले तरच सुसम घन, आणि ते पाचच असतात,” बबिता म्हणाली.

“काहून? मोजा ना मॅडम! कोपरे पाच, कडा नऊ, बाजू सहा. पाचातून नऊ गेले, सहा मिळवले, दोन आले का नाही? घनाचं सूत्र बसलं!”

बबिताला हसू आवरेना. “ते तर चपलेच्या खोक्यालाही बसते, सर! आठ कोपरे, बारा कडा, सहा बाजू. मंग ते खोकंही सुसम म्हणायचं काय?”

भगवानरावांचं नाक लाल झालं. “जूनमध्ये तास पाहिजेत ना तुमाले?”

तिनं कलती झालेली पाटी नीट केली. घरी याडीची, म्हणजे आईची, औषधं चालू, दुसरी मिळकत नाही. स्वतःच्या त्या माघारीचीही तिला चीड आली.

प्रदर्शनाला यवतमाळहून पाहुण्या प्राध्यापिका आल्या. आकृती हातात घेतली, पाटी वाचली, कपाळाला आठ्या. “हे कुणाचं?”

“बबिता मॅडमचं!” भगवानराव पटकन बोलले. शोध लावणारा गडी एका क्षणात पसार!

बबिताने त्यांच्याकडे असं पाहिलं की कुणालाही लाज वाटावी. त्यांना नाही वाटली.

“हो का? माझं?” ती म्हणाली. “मग मोडायचा हक्कही माझाच.” तिनं सगळ्यांदेखत आकृती चराचरा उकलली. “टोकाशी तीन त्रिकोण, कडेच्या कोपऱ्याशी चार. कोपरे सारखे नाहीत, म्हणून हे सुसम नाही. कोपरा उठून यायला तिथले कोन मिळून तीनशेसाठ अंशांच्या आत पाहिजेत. त्रिकोण तीन, चार किंवा पाच जुळतात; सहा जुळवले की सपाट. चौरस तीनच, चार झाले की सपाट. पंचकोन तीनच, चौथा मावतच नाही. षट्कोन तर तिघांतच सपाट. झाले पाच. सहावा आणायचा कुठून?”

पाहुण्या बाईंनी टाळ्या वाजवल्या. भगवानरावांनीही वाजवल्या, सगळ्यांत जोरात.

जूनमध्ये तिचे तास दुसऱ्याला गेले. कारण विचारलं तर भगवानराव म्हणाले, “मॅडम, प्रदर्शनात तुमचं मॉडेल चुकलं होतं ना.”