रिकाम्या सोडलेल्या दोन फ्रेम

सिद्धारामचं चांगलं लिहायचं म्हणजे मला दात आवळावे लागतात. माझा फोटो स्टुडिओ तलवाड्याच्या बसथांब्यासमोर, त्याचं दुकान बरोबर माझ्या दारापुढं. त्याच्या बापाचं, मल्लिनाथअण्णांचं, तिथं किराणा होता. पुढं त्यात एसटीडी फोनचा डबा आला आणि दोन हजार पाच साली सिद्धारामनं गुळाच्या भेल्या मागं सरकवून कॉम्प्युटर मांडला. तेव्हापासून माझ्या दारातून मला आभाळ कमी आणि त्याचं गिऱ्हाईक जास्त दिसायचं.

वीस वर्षं मी रोलवर फोटो काढले. डार्करूममध्ये नखं पिवळी केली. आणि हा पोरगा, ज्याला उजेड कुठून घ्यावा हे कळत नाही, तो दोन वर्षांत सगळ्यांचा ‘सिद्धारामशेट’ झाला. जळफळाट होणार नाही तर काय होणार?

त्याचं नाव झालं ते गावातल्या हरिबाच्या मोबाईलवरनं. हरिबाचा फोन बैलांच्या हौदात पडला. लोकांनी ज्याचं त्याचं डोकं चालवलं. एक म्हणाला चालू करून बघ, दुसरा म्हणाला चार्जरला लाव. सिद्धारामनं फोन हिसकावून आधी बॅटरी काढली. “पाण्यानं फोन लगेच मरत न्हाई, ओल्यात करंट दिला की मरतो,” म्हणाला. सिमकार्ड काढून कोरडं केलं, फोन उघडून चार दिवस पंख्याखाली ठेवला. फोन चालू झाला. नुसता फोन वाळवला, पण उमापूरपर्यंत बोभाटा झाला.

मीही मग हट्टानं डिजिटल कॅमेरा घेतला. फक्त एक होतं, माझ्याकडं कॉम्प्युटर नव्हता. कॅमेऱ्यातलं मेमरी कार्ड रिकामं करायला रस्ता ओलांडून सिद्धारामकडं जायचं, नाहीतर पंधरा दिवसांनी बीडच्या लॅबला. मी बीडला जायचो.

दोन हजार सातच्या वैशाखात उमापूरच्या तानाजीच्या बहिणीचं लग्न मी काढलं. पहिला फोटो घरातल्या वडीलधाऱ्याचा काढायचा, ही माझी रीत. तानाजीची आई सुंदरबाई खुर्चीवर बसायला तयार नव्हती. “माझा काय फोटो काढतूस, पोरीचा काढ,” म्हणत होती. तिला ताठ बसवून मी दोन फोटो घेतले आणि मग लग्न सुरू केलं.

लग्नानंतर आठव्या दिवशी सुंदरबाई झोपेतच गेली.

तेराव्याला फोटोला हार घालायचा तर घरात तिचा फोटो नव्हता. मतदानाच्या कार्डावर होता, त्यात ती आहे की शेजारीण, हे तिच्या लेकालाही सांगता आलं नसतं. तानाजी माझ्या दुकानात आला. “भाऊ, आईचा तेवढा मोठा करून द्या,” एवढंच म्हणाला.

मी कॅमेरा काढला आणि त्याच्यादेखत फोटो शोधू लागलो. बॅटरी संपत आली होती, कार्ड वाचलं जात असल्याचा लाल दिवा लुकलुकत होता. फोटो लवकर दिसेना म्हणून घाईत मी दिवा चालू असतानाच कार्ड ओढलं आणि परत घातलं. पडद्यावर इंग्रजीत काहीतरी आलं. तानाजीला म्हणालो, “उद्या नेतो बीडला,” आणि त्याला वाटेला लावलं. मग पडद्यावरच्या प्रश्नाला, तो न समजताच, होय म्हणून बटण दाबलं. कार्ड कोरं झालं. आणि वीस वर्षांची सवय: रोल घातला की उजेड लागलेल्या पहिल्या दोन फ्रेम बटण दाबून रिकाम्या सोडायच्या. कोरं कार्ड दिसताच बोट आपसूक दोनदा दाबलं गेलं. एकदा माझी चप्पल आली, एकदा भिंत.

रात्री जेवण गेलं नाही. सकाळी रस्ता ओलांडला. ती दहा पावलं मला दहा कोसांची वाटली.

सिद्धारामनं कार्ड हातात घेतलं, कडेचं बारकं बटण सरकवून कुलूप लावलं. “आता ह्याच्यावर काई लिहिलं जाणार न्हाई,” म्हणाला. “भाऊ, कार्ड बिघडल्यावर ह्याच्यावर नवं काई काढलंत का?”

“न्हाई बा,” मी म्हणालो.

कार्ड लावताच कॉम्प्युटरनंही तोच प्रश्न विचारला, कोरं करू का म्हणून. सिद्धारामनं नाही म्हटलं. आधी अख्ख्या कार्डाची नक्कल कॉम्प्युटरात उतरवली, मग नकलेवर काम सुरू केलं. मला समजावून सांगितलं, तेही मला खुपलं. “कोरं केलं म्हंजी दारावरच्या पाट्या काढल्या. माणसं घरातच हायत. पण घर रिकामं समजून नवं बिऱ्हाड आत घुसलं, की तिथलं जुनं गेलं.”

दुपारी बारा ते चार लाईट जायची. त्याआधी एकेक फोटो वर येऊ लागला. हळद, मांडव, वरात. मी देव आठवत होतो. आणि मनात हेही होतं, की याला जमलं तर उद्यापासून मी कशाला उरतो?

एकशे चाळीस फोटो निघाले. खुर्चीवरची सुंदरबाई निघाली नाही. तिचे फोटो कार्डावर सगळ्यांत पहिले, त्यांच्या जागी माझी चप्पल आणि माझी भिंत होती. सिद्धाराम त्या दोन्हींकडं बराच वेळ बघत बसला. माझ्याकडं पाहिलंही नाही. मग बाकीचे फोटो मोठे करून धुंडाळू लागला. सुंदरबाई कुठं पाठमोरी, कुठं पदराआड. शेवटी अक्षता पडतानाच्या फोटोत, नवरीच्या खांद्यामागं, कोपऱ्यात ती सापडली. तोंड उघडं टाकून हसत होती.

“हा घ्या. काढलाय तुमीच,” तो म्हणाला.

तेराव्याला तो फोटो चौकटीत होता. बाया समोर बसून रडत होत्या. आम्ही दोघं एका पंगतीत होतो. तानाजी वाढता वाढता थांबला. “भाऊ, आईला ताठ बसवून काढला होता, तो न्हाई का निघाला?”

मी पानातला भात कालवू लागलो. सिद्धारामच बोलला, “कार्डच खराब निघालं, तानाजीभाऊ. नशिबाची गोष्ट.”

लोक म्हणतील मला पश्चात्ताप झाला. थोडा झालाही असेल. पण खरं सांगतो, फोटो त्यानं काढून दिला, शहाणपण त्याचं, आणि आता माझ्या पापावर पांघरूण घालायचा मोठेपणाही याच्याच पदरात? ते मला सोसलं नाही.

“कार्ड न्हाई खराब,” मी मोठ्यानं म्हणालो. “मी पुसलं. तुझ्या आईवर माझी चप्पल काढली मी. आणि ह्याला खोटं बोललो.”

तानाजी माझ्याकडं बघत राहिला, मग पुढच्या पानावर वाढायला गेला. माझ्या पानावर परत आला नाही.

वर्षभरानं सिद्धाराम रस्ता ओलांडून माझ्याकडं आला. पहिल्यांदाच. तानाजीच्या पोरीचं बारसं होतं, नाव संस्कृती ठेवणार होते.

“फोटो तुमीच काढायचे म्हणतोय तानाजी,” तो म्हणाला. जरा अवघडला. “पण कार्ड तिथंच माझ्या हातात द्यायचं, असंबी म्हणतोय.”

मी गेलो. पहिला फोटो सुंदरबाईच्या चौकटीखाली, पाळण्यातल्या पोरीचा काढला. संध्याकाळी सगळ्यांसमोर कॅमेरा बंद केला, दिवा विझेपर्यंत थांबलो आणि कार्ड काढलं. सिद्धारामनं हात पुढं केला होता. तानाजी बघत होता. कार्ड त्या हातावर ठेवताना माझी बोटं ते लवकर सोडत नव्हती.