पालखीच्या दिवसाची रजा

जयगडच्या बंदरावर ट्रकच्या वजनकाट्यावर नोकरीला लागलो, तोवर बाबांचं वर्षश्राद्ध उरकलं होतं. शिमगा तोंडावर आला होता. गेल्या वर्षी दुखवटा होता, म्हणून बाबांनंतर ग्रामदेवतेची पालखी पहिल्यांदाच घरी येणार. आई रोज फोनवर विचारायची, "नारळ कोण देणार रे? दारात पुरुषमाणूस नसला तर लोक काय म्हणतील?"

नियमांचं पुस्तक पडलं इंग्रजीत. रजेच्या पानाचा फोटो काढला, फोनवर भाषांतर केलं. 'परिवीक्षा काळात अर्जित रजा वापरता येणार नाही.' परिवीक्षा म्हणजे प्रोबेशन, आणि मी त्यातच. बसा बोंबलत! कामात लक्ष लागेना. एका ट्रकचं वजन मी दुसऱ्याच्याच नंबरावर घातलं आणि ड्रायव्हरच्या शिव्या खाल्ल्या.

शेवटी कार्मिक विभागाला मेल टाकला. 'मी नवीन आहे. इंग्रजी कच्चं आहे, म्हणून पानाचा फोटो काढून भाषांतर केलं. प्रोबेशनमध्ये कुठलीच रजा मिळत नाही का? आमच्या घरी पालखी येईल त्या दिवशी मला रजा हवी आहे.' वर फोटोही जोडला.

दुसऱ्या दिवशी तिथल्या मॅडमचं उत्तर आलं, मराठीतच. 'तुमच्या फोटोत पानाचा खालचा भाग आलेला नाही. अर्जित रजा प्रोबेशन संपल्यावरच वापरता येते, हे बरोबर. पण दर महिन्याला जमा होणारी किरकोळ रजा आताही घेता येते. तुमची एक शिल्लक आहे. शिफ्ट इनचार्जची मंजुरी आधी घ्या. आणि पालखी कोणत्या तारखेला?'

मी कपाळावर हात मारला. तारीख कुठून आणू? गावकरी बसून ठरवतील तेव्हा कळणार! त्या पुण्याच्या असाव्यात. आमच्याकडच्या कुणी असं विचारलं नसतं.

गावबैठक झाली, वार कळला, आणि मी इनचार्जच्या मागे लागलो. ते वैतागलेच. "शिमग्यात तुम्हाला सगळ्यांनाच घरी जायचंय. काटा काय मी चालवू?" तरी सही केली.

त्या दिवशी सकाळपासून अंगण सारवून, रांगोळी घालून आम्ही बसलो. ढोल वरच्या वाडीत वाजत होते. मी दहादा पाखाडीच्या पायऱ्या चढून बघून आलो. संध्याकाळी निरोप आला, पालखी आज वरच्याच वाडीत वस्तीला राहणार, आपल्याकडे उद्या सकाळी.

उद्या माझी सकाळची शिफ्ट! रजा संपली होती. न सांगता दांडी मारली तर नोकरीवर गदा. मला रडूच फुटलं, खोटं कशाला बोलू. इनचार्जना फोन लावला, तर म्हणाले, "बदली माणूस नाही. ये गपचूप."

आईने डोळे पुसले, तिचे आणि माझेही. "जा तू. मी हाय ना."

सकाळी काट्यावर असताना शेजारच्या काकांचा फोन आला. मागे ढोल इतके घुमत होते की त्यांना ओरडावं लागत होतं. "अरे, तुझ्या आईनं स्वतः नारळ दिला! देवाला गाऱ्हाणं घालताना तुझंच नाव घेतलं. आणि मग खांदा पण दिला बघ पालखीला, कुणी नको म्हणालं नाही!"

पुढचा ट्रक हॉर्न वाजवत होता. मी वजन घेतलं. आईला माझी गरज लागली नाही, याचा आनंद झाला आणि तेवढंच वाईटही वाटलं.