धुराडं नसलेलं घर

माझ्या धाकट्या जावेच्या माहेरच्या घरावर मी धुराडं बसवलं. लाल विटांचं, वरून धूर निघणारं. त्याचं रंगीत चित्र काढून घेतलं, काचेच्या फ्रेममध्ये घातलं आणि दिवाळीत तिला भेट दिलं. फ्रेमच्या दुकानातला माणूस म्हणाला, "आज्जी, एकदम फॉरेनसारखं आलंय." ते ऐकून मी खूश झाले. अडुसष्टाव्या वर्षी माणूस इतकं मूर्ख असू शकतं.

जावेचं माहेर सास्तूरच्या बाजूचं. घर आणि आई एकाच पहाटे गेली, त्र्याण्णवच्या भूकंपात. ती तेव्हा इकडं आमच्या घरात नांदत होती म्हणून वाचली. त्या घराचा एकही फोटो नाही, आईचाही नाही. फोटो होते, पण त्या घरातच होते.

मागच्या पावसाळ्यात माझ्या फोनवर मी कसलीतरी चित्रं काढत बसले होते. आपण लिहायचं आणि ॲपनं चित्र काढून द्यायचं, असा तो प्रकार. जाऊ शेंगा फोडता फोडता म्हणाली, "अक्का, ह्याच्यात माझ्या आईचं घर निघंल का? नातीला दाखवायचं हाय. तिला वाटतंय आपण पयल्यापास्नं पत्र्याखालीच ऱ्हात होतो."

मग ती अर्धा तास बोलली. दगडी भिंती हातभर जाड. लाकडी खांब, वर सपाट माळवद, त्यावर पांढरी माती. उन्हाळ्यात वर मिरच्या वाळायच्या. स्वयंपाकघराला खिडकी नाही, माळवदाला एक भोक, तेवढाच उजेड आणि धूरही तिथूनच बाहेर. त्या उजेडात आई भाकरी थापायची. आई जाड, ठसठशीत, हसली की वेशीपर्यंत ऐकू जायची.

एवढं सगळं ऐकून मी काय लिहिलं? इंग्रजीत दोन ओळी. भारतीय खेड्यातलं सुंदर जुनं दगडी घर, आत एक बाई स्वयंपाक करते आहे. बस. अर्ध्या तासाच्या दोन ओळी. कारण माझी खात्री होती की यंत्राला इंग्रजीच कळतं, आणि आमच्या घरात इंग्रजी मलाच येतं.

चित्र आलं. उतरतं छप्पर, धुराडं, कुंड्यांत फुलं, ओट्याशी उभी राहिलेली गोरी बाई. जाऊ बघत राहिली. म्हणाली, "हे कुणाचं घर हाय?"

मी म्हणाले, "तुला नीट सांगताच येत नाही."

हे वाक्य मला आता माझ्याच तोंडावर फेकून मारावंसं वाटतं. ते नवीनही नव्हतं. मी जिल्हा परिषदेच्या शाळेत नवी मास्तरीण होते, वेणीला रिबिनीऐवजी अहंकार बांधून हिंडायचे, तेव्हाचं. जाऊ नवी नवरी होती. तिनं आईला पत्र लिहिलं, "म्या बरी हाय." मी लाल शाईनं खाडाखोड केली आणि तिला ते पत्र 'मी बरी आहे' असं पुन्हा लिहायला लावलं. आईला वाचता येत नव्हतं, शेजारचं कुणी वाचून दाखवायचं. म्हणजे त्या माउलीला लेकीऐवजी मीच ऐकू गेले. त्या मास्तरणीला आज गाठता आलं असतं तर दोन छड्या दिल्या असत्या.

उन्हाळ्याच्या सुट्टीत जावेची नात पुण्याहून आली. तिनं जावेच्या स्वयंपाकघरात पिठाचा डबा सरकवला तर मागं फ्रेम, भिंतीकडं तोंड करून. "हे काय?" जाऊ म्हणाली, "तुज्या मोठ्या आजीचं घर." मोठी आजी म्हणजे मी. पोरगी हसली. मला फार राग आला. आधी जावेचा, मग फ्रेमवाल्याचा, शेवटी जिचा यायला हवा होता तिचा.

नात म्हणाली, "मोठी आजी, मराठीत का नाही लिहिलं?"

"त्याला काय कळतंय मराठी?"

"कळतं. नवीन ॲपना कळतं. आजी, तू बोल, मी जसंच्या तसं टाईप करते."

जाऊ पुन्हा बोलली, या वेळी जरा हात राखून. चित्र आलं. कुंड्या गेल्या, पितळी भांडी आली, शेणानं सारवलेली जमीन आली, बाई खाली बसून भाकरी थापत होती. मी तोंड उघडणार तेवढ्यात नीट पाहिलं. छप्पर गवताचं. भिंतींना भेगा. बाई ऐंशी वर्षांची, लुगडं फाटकं, डोळ्यांत पाणी.

जाऊ म्हणाली, "माज्या आईला भिकारीण केलं की गं."

माझं डोकं सणकलं. इंग्रजीत लिहिलं तर बाई गोरी, मराठीत लिहिलं तर बाई गरीब. मधली, पोटभर जेवलेली, हसणारी बाई या यंत्रानं कधी पाहिलीच नाही का? आमच्या भाषेत बोललं की लगेच डोळे पुसायला कोण सांगतं याला?

नात शांतपणे म्हणाली, "थांब, त्यालाच विचारू." तिच्या ॲपमध्ये आपलं वाक्य चित्र काढायला पुढं पाठवताना ॲपनं ते कसं बदललं ते बघता येत होतं. ते इंग्रजीत होतं. तिनं वाचून दाखवलं: साध्या, गरिबीच्या झोपडीत एक वृद्ध ग्रामीण स्त्री, जुन्या आठवणींचा हळवा प्रकाश.

वृद्ध कुणी म्हटलं होतं? झोपडी कुणी म्हटली होती? हळवा प्रकाश तर आमच्या सात पिढ्यांत कुणी पाहिला नाही. जावेचे शब्द घेतले, मध्येच गाळले, आपले घातले आणि पुढं पाठवले. मी फोनला शिव्या देत होते आणि अर्ध्या शिवीत थांबले. लाल शाईची बाटली मला आठवली.

मग आम्ही तिघी हट्टाला पेटलो. 'झोपडी नको, धुराडं नको' लिहिलं तर धुराडं परत हजर. नको म्हटलेलं नेमकं आणून ठेवायची त्याला खोड. नात म्हणाली, "काय नको ते सांगू नका, काय होतं ते सांगा." नुसतं माळवद लिहिलं तर त्यानं वर एक मजला चढवला. मग जावेनं फोड करून सांगितलं: छत अंगणासारखं सपाट, वर पांढरी माती, मातीवर लाल मिरच्या पसरलेल्या. ते जमलं. आई चाळिशीची, अंगानं भरलेली, तोंड उघडून हसणारी. तेही जमलं. नातीनं तेच सगळं, एक शब्द न गाळता, इंग्रजीतही करून पाहिलं. दगड जास्त खरे आले, पण लुगड्याची पाचवारी साडी झाली आणि भाकरी पापडासारखी पातळ. मराठीतली भाकरी जावेनं ओळखली. दोन्हीकडं जे बरं आलं ते तिच्या फोडीमुळं आलं. माझ्या दोन ओळींतून कुठल्याच भाषेत ते घर निघणार नव्हतं.

एक गोष्ट शेवटपर्यंत जमली नाही. छताच्या भोकातून उजेड खाली पडतो, हे त्याला सात वेळा सांगितलं. दर वेळी ते भिंतीला खिडकी पाडायचं आणि तिच्यातून ऊन आत सोडायचं. आठव्यांदा मी फोन हातात घेतला, भांडायच्या तयारीनं. जावेनं तो काढून घेतला. चित्र बराच वेळ पाहिलं, नातीलाही जवळ ओढून दाखवलं. मग माझ्याकडं न बघता म्हणाली:

"खिडकी न्हवती, अक्का. पण आई हसायलीय, तवा ऱ्हाऊ द्या. आन तुमचं ते धुराड्याचं घर आज घिऊन जावा, मला डब्यामागं जागा लागायलीय."