दोन किलोचं लाकूड

गोविंदसिंग मास्तरांनी बावीस वर्षांत एकदा दिलेलं शून्य कधी मागे घेतलं नव्हतं, आणि याचीच ते फुशारकी मारत. सातवीच्या पेपरात त्यांनी विचारलं, "दोन किलोचं वाळलेलं आंब्याचं लाकूड आणि वीस ग्रॅमचा लोखंडी खिळा, पाण्यात काय बुडेल?" त्यांच्या मते उत्तर होतं लाकूड. ऊसतोडीला जाणाऱ्या घरातल्या नितानं लिहिलं, खिळा.

"जड काय हाय, सांग मले," म्हणत त्यांनी तसलंच एक लाकूड तिच्या डोक्यावर धरायला दिलं आणि तिला पाण्याच्या टाकीपाशी उन्हात उभं केलं. तासाभरानं तिचे हात सुटले. लाकूड टाकीत पडलं आणि तरंगत राहिलं.

"सर, आता खिळा टाकून पाहू काय?" निता हळूच म्हणाली.

मास्तर चपापले. लाकडाएवढी जागा भरायला तीन किलो पाणी लागतं, खिळ्याएवढी भरायला तीन ग्रॅमही नाही. घनता ताडून पाहायची होती, त्यांनी नुसती वजनं ताडली होती. हे त्यांना तिथंच कळलं.

"लाकूड काढ अन् वर्गात बस," ते म्हणाले.

दुसऱ्या दिवशी त्यांनी टाकीला झाकण बसवून घेतलं. निताचं शून्य तसंच राहिलं.